हात वर करणारे आणि गाडीत बसणारे : शालेय सहलीच्या गट आरक्षणाचा आढावा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सहलींचा हंगाम, आणि लग्नसराईही नेमकी याच दिवसांत. तुळशीचं लग्न लागलं की एसटीच्या आगारात वऱ्हाडाच्या गाड्यांची मागणी सुरू होते. गावातले लॉज पाहुण्यांसाठी अडकतात, आचारी महिनाभर आधीच सुपाऱ्या घेऊन बसलेले असतात. ऐंशी मुलांना घेऊन वेरूळ-अजिंठ्याला निघालेले सर आणि लेकीच्या लग्नाला दोन गाड्या मागायला आलेला बाप आगारात एकाच टेबलापुढे उभे असतात.

सहलीची ठिकाणं, वेळापत्रक, मुलांचा उत्साह यांवर शाळेत भरपूर बोलणं होतं. सहल फसते ती मात्र बहुधा आरक्षणात. गाडी एक कमी पडते, मुली अठ्ठेचाळीस आणि खाटा चाळीस निघतात, किंवा आयत्या वेळी आठ मुलं गळतात आणि त्यांच्या वाट्याचे पैसे कुणी भरायचे यावरून पालकांशी वाद होतो. या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण असते. ‘किती जण?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे असं धरून काम सुरू होतं. आगाराला गाड्यांचा आकडा हवा असतो, लॉजला मुली आणि मुलगे वेगवेगळे हवे असतात, लेण्यांच्या तिकीटखिडकीला वयं हवी असतात आणि आचाऱ्याला पानं. यांतला प्रत्येक आकडा वेगळा असतो आणि वेगवेगळ्या तारखेला पक्का करून द्यावा लागतो.

हे नीट समजण्यासाठी एक नमुन्याची सहल घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातली एक माध्यमिक शाळा आहे, नववीच्या दोन तुकड्या मिळून ९६ मुलं. बेत दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ, मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी अजिंठा आणि रात्री परत. अहिल्यानगर ते संभाजीनगर साधारण ११५ किलोमीटर, वेरूळ तिथून तिसेक आणि अजिंठा शंभरावर थोडं. जाऊन-येऊन पाचशे-सव्वापाचशे किलोमीटर होतात.

बेत आखताना सर्वांत आधी वार पाहावा लागतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे रविवार-सोमवार हा बेत बाद, आणि मंगळवार-बुधवार धरायचा तर वेरूळ दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागतं. शनिवार-रविवार सोयीचा, पण गर्दी त्याच दिवशी सर्वांत जास्त. गुरुवार-शुक्रवार मिळाला तर लॉजही मिळतो आणि लेण्यांत श्वास घ्यायला जागाही राहते.

मग वर्गात विचारणा होते आणि ८४ हात वर जातात. इथेच पहिली चूक घडते, कारण हा आकडा इच्छेचा असतो. घरी विचारलेलं नसतं, पैशांची जुळणी झालेली नसते, त्या आठवड्यात मामाचं लग्न आहे हेही मुलाच्या लक्षात नसतं. तरीही हाच आकडा घेऊन शिक्षक आगारात जातात. तिथला कर्मचारी एवढंच विचारतो, “सर, माणसं किती ते नंतर सांगा, गाड्या किती ते आत्ता सांगा.”

हा प्रश्न साधा वाटतो, पण साऱ्या सहलीचा हिशेब त्यावर उभा आहे. शालेय सहलीसाठी एसटीची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर मिळते, म्हणजे तिकिटं न काढता पूर्ण गाडी ठरवायची. भाड्यात निम्मी सवलत असते, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. भाडं किलोमीटरवर आकारलं जातं, त्यामुळे गाडीत चाळीस बसले की चव्वेचाळीस, याने रकमेत फरक पडत नाही. साधी गाडी ४४ आसनांची धरली तर दोन गाड्यांत ८८ जण मावतात. दहा मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठेवलं तर ८४ मुलांबरोबर नऊ शिक्षक आले. एकूण ९३. म्हणजे पाच जणांसाठी तिसरी गाडी.

आता पैसे पाहू. सवलतीनंतर एका गाडीचे दोन दिवसांचे १६,००० रुपये होतात असं हिशेबापुरतं धरू. खरा आकडा आगारातून त्या वेळच्या दराने लेखी घ्यावा. तीन गाड्यांचे ४८,००० रुपये ८४ मुलांत वाटले तर प्रत्येकी ५७१ रुपये पडतात. तेच मुलांची मर्यादा ७८वर ठेवली, बरोबर आठ शिक्षक घेतले, तर ८६ जण दोन गाड्यांत बसतात. ३२,००० रुपये ७८ जणांत वाटले की प्रत्येकी ४१०. सहा मुलं वाढवली तर उरलेल्या प्रत्येकाला गाडीभाड्यापोटी १६० रुपये जास्त द्यावे लागतात आणि तिसऱ्या गाडीत एकोणचाळीस आसनं रिकामी धावतात. म्हणून आधी गाड्या ठरवाव्यात आणि त्यावरून मुलांची मर्यादा काढावी. ७८ जागा, वर सहा जणांची प्रतीक्षा यादी, हे पहिल्याच दिवशी वर्गात सांगून टाकावं. शिक्षकांचं भाडं मुलांच्या वाट्यात धरलं आहे की शाळा देणार, हेही पालकांना तेव्हाच सांगितलेलं बरं.

दोन आसनं मोकळी ठेवली आहेत तीही मुद्दामच. प्रवासात कुणाला उलट्या होतात, कुणाला आडवं व्हावं लागतं. शेवटचं आसन भरून निघालेल्या गाडीत आजारी मुलाला कुठे बसवायचं हा प्रश्न घाटात उभा राहतो.

खासगी गाडी ठरवायची तर वेगळी काळजी घ्यावी लागते. गाडीचा क्रमांक हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. एम-परिवहन ॲपवर तो क्रमांक टाकला की विमा आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत दिसते. ठरवलेली गाडी आणि दारात उभी राहिलेली गाडी वेगळी असणं ही हंगामातली नेहमीची तक्रार आहे. ठरावाच्या कागदावर क्रमांक लिहिलेला असेल तरच ती तक्रार टिकते.

दुसरा गुंता परवानगीचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या नियमांकडे राज्यभर कडकपणे पाहिलं जाऊ लागलं. पालकांचं लेखी संमतिपत्र, शिक्षण कार्यालयाची पूर्वपरवानगी, मुलींबरोबर शिक्षिका, धोकादायक ठिकाणं टाळणं या गोष्टी आता प्रस्तावातच दाखवाव्या लागतात. प्रस्तावात गाडी कोणती आणि मुक्काम कुठे हेही लिहायचं असतं. म्हणजे परवानगीसाठी आरक्षण हवं, आणि परवानगी मिळाली नाही तर आरक्षणात घातलेले पैसे अडकणार.

यातून वाट निघते ती जागा ‘धरून ठेवणं’ आणि ‘पक्की करणं’ या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्याने. दोनेक महिने आधी आगारात मागणीपत्र द्यावं, लॉजकडून दरपत्रक घ्यावं आणि अमुक तारखेपर्यंत खाटा राखून ठेवल्याचं लिहून घ्यावं. ही कागदपत्रं जोडून प्रस्ताव पाठवावा. पैसे परवानगी हातात आल्यावर. बहुतेक लॉजवाले पंधरा दिवस, तीन आठवडे खोल्या धरून ठेवायला तयार असतात. मात्र ती मुदत संपल्याचं कुणी फोन करून कळवत नाही. सोळाव्या दिवशी वऱ्हाड आलं तर खोल्या वऱ्हाडाला जातात, आणि लॉजवाल्याच्या बाजूने त्यात काही चूक नसते. म्हणून मुदत संपण्याच्या तीन-चार दिवस आधीची आठवण सहलप्रमुखाच्या वहीत असली पाहिजे. परवानगी लांबली तर त्याच दिवशी मुदत वाढवून मागता येते.

तोंडी आरक्षणाचा धोका ओळखायचा कसा? एक सोपी खूण आहे. ‘काळजी करू नका, येऊन जा’ असं उत्तर मिळालं आणि पावती मिळाली नाही, तर खोल्या राखलेल्या नाहीत असंच समजावं. पावतीवर चार गोष्टी हव्यात : मुक्कामाची तारीख, खाटांची संख्या, दर माणशी आहे की खोलीमागे, आणि संख्या कमी करण्याची शेवटची तारीख. यांतली चौथी गोष्ट विचारायची बहुतेक जण विसरतात, आणि वादही बहुधा तिच्यावरूनच होतो. काही ठिकाणी ठरलेल्या तारखेपर्यंत दहा टक्के खाटा विनाशुल्क कमी करू देतात. विचारलं तरच हे कळतं. त्यानंतर गळालेल्या मुलांच्या खाटांचे पैसे द्यावेच लागतात.

लॉजला एकूण आकडा देऊन भागत नाही. ७८ मुलांत मुली ४५ आणि मुलगे ३३ असतील, खोल्या चार खाटांच्या असतील, तर मुलींना बारा आणि मुलग्यांना नऊ खोल्या लागतात. बाराव्या खोलीत एकच मुलगी उरते आणि नवव्या खोलीत एकच मुलगा. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याला खोलीत ठेवता येत नाही, म्हणून एकतर खोल्यांत जास्तीची गादी टाकावी लागते किंवा शिक्षकांच्या खोल्यांची मांडणी बदलावी लागते. अशा वेळी दोन मोठे हॉल, त्यांत गाद्या, आणि प्रत्येक हॉलच्या दाराशी शिक्षकांचा मुक्काम ही व्यवस्था स्वस्तही पडते आणि सांभाळायलाही सोपी जाते. हॉल घेताना मुलींच्या बाजूला किती स्वच्छतागृहं आहेत ते मोजून घ्यावं. पंचेचाळीस मुली आणि तीन न्हाणीघरं असली तर सकाळी सातला निघणारी गाडी साडेआठलाही निघत नाही. अजिंठ्याच्या दिवशी गेलेला हा दीड तास पुढे कुठेच भरून निघत नाही.

आता पैसे गोळा करण्याकडे वळू. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो आणि तो पालकांना दोन ओळींत वेगळा दाखवावा. गाडीभाडं हा ठरलेला खर्च, मुलं कमी झाली तरी तेवढाच राहणारा. जेवण, तिकिटं आणि ठरावीक तारखेपर्यंत मुक्काम हा माणशी खर्च, मूल आलं नाही तर वाचणारा. वरच्या हिशेबात शेवटच्या आठवड्यात आठ मुलं गळाली तर गाडीभाड्यात ३,२८० रुपयांचं भगदाड पडतं. शाळा ते उरलेल्या सत्तर मुलांवर टाकू शकत नाही आणि स्वतःकडे ती तरतूदही नसते. त्यामुळे पहिला हप्ता गाडीभाड्याएवढा असावा. तो परत मिळणार नाही, मात्र प्रतीक्षा यादीतलं मूल त्या जागी आलं तर पूर्ण मिळेल, असं संमतिपत्रावरच छापावं. दुसरा हप्ता माणशी खर्चाचा, सहलीच्या पंधरा दिवस आधी. मूल आलं नाही तर त्यातला खरोखर वाचलेला भाग परत. ही दोन वाक्यं आधी लिहिलेली असली की तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या आईशी पैशावरून बोलण्याची वेळ शिक्षकावर येत नाही.

पहिला हप्ता भरण्याची तारीख उलटली की ८४ हातांचं खरं रूप कळतं. कधी सत्तरच जण भरतात. मग प्रतीक्षा यादी उघडायची, ती पुरली नाही तर दहावीच्या मुलांना विचारायचं, नाहीतर दोन गाड्यांच्या खर्चात भाग नव्याने काढायचा. निर्णय काहीही झाला तरी तो गाडीचे पैसे भरण्याआधी होतो, हा या पद्धतीचा फायदा.

यादीकडे येऊ. यादी एकच हवी आणि ती एकाच माणसाकडे हवी. प्रत्यक्षात वर्गशिक्षकाकडे एक असते, हप्ते घेणाऱ्या लिपिकाकडे दुसरी, व्हॉट्सअपवर फिरणारी तिसरी. लिपिकाच्या पावत्या आणि यादीतली नावं जुळत नसली की गडबड सुरू झाली असं समजावं. एका मोठ्या कागदावर किंवा एक्सेलच्या एका तक्त्यात अनुक्रमांक, नाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख, पालकांचा फोन, संमतिपत्र, दोन्ही हप्ते, औषध किंवा ॲलर्जी, गाडी क्रमांक आणि मुक्कामाची खोली एवढे रकाने असले की पुरतं. आगार, लॉज आणि आचारी यांना द्यायचा प्रत्येक आकडा याच तक्त्यातून काढता येतो.

जन्मतारखेचा रकाना कशाला, असा प्रश्न पडू शकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांना वेरूळ आणि अजिंठ्याला प्रत्येकी ४० रुपये, दौलताबादला २५. नववीत नेमकी याच वयाची मुलं असतात, सहलीच्या दिवशी काहींना पंधरा पूर्ण झालेली असतात आणि काहींना नाहीत. जन्मतारखेसह मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची यादी आणि मुलांची ओळखपत्रं जवळ असली की खिडकीवरचं काम लवकर उरकतं. ती नसली तर ८६ जण उन्हात उभे राहतात आणि एकेकाचं वय विचारलं जातं.

अजिंठ्याला आणखी एक टप्पा असतो, तो वेळापत्रकात क्वचितच दिसतो. सहलीच्या गाड्या थेट लेण्यांपाशी जात नाहीत. फर्दापूरच्या तिठ्यावर त्या उभ्या करायच्या आणि पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या वेगळ्या गाड्यांनी जायचं. दोन गाड्यांतली मुलं इथे मोडून तीन-चार फेऱ्यांत विभागली जातात, परतताना पुन्हा तसंच. गटाची फाटाफूट होते ती इथेच. म्हणून सुटण्याआधीच दहा-दहांचे गट करून प्रत्येकाला एक शिक्षक नेमावा, आणि फेरीत चढताना-उतरताना मोजणी गटप्रमुखानेच करावी. येण्या-जाण्यासाठी आणि रांगेसाठी धरून एक तास जादा ठेवला तर चित्रं असलेल्या लेण्यांत, जिथे गर्दीच्या दिवशी लोक थोडेथोडे आत सोडतात, मुलांना घाईने बाहेर ओढावं लागत नाही.

शाळेऐवजी महिला मंडळाची किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची सहल असेल तर हिशेब पालटतो. करारावरच्या गाडीत तिकीट फाडलं जात नाही, त्यामुळे तिकिटावरच्या सवलतींचा प्रश्नच येत नाही. महिलांना एसटीत मार्च २०२३पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास. अलीकडे पंढरपूरच्या आषाढी यात्रेसाठी एका गावातून चाळीस किंवा त्याहून जास्त प्रवाशांनी एकत्र मागणी केली तर एसटी गावातूनच थेट गाडी सोडते, आणि त्या प्रवासात या सवलतीही मिळतात. कोकणातल्या गणपतीसाठीही असंच गट आरक्षण चालतं. चाळीस बायकांच्या मंडळाने पूर्ण गाडी ठरवण्याआधी आगारात हा दुसरा पर्याय विचारून घ्यावा. शाळेला मिळते तशी सहलीची सवलत मंडळाला नसते, त्यामुळे फरक मोठा पडू शकतो.

एकेरी गट प्रवासात एक पेच असतो. गाडी माणसं सोडून रिकामी परत येते आणि त्या किलोमीटरचे पैसे कुणीच देत नाही. २०२५च्या गणेशोत्सवासाठी एसटीने एकेरी गट आरक्षणावर ३० टक्के भाडेवाढ लावली ती याच कारणाने. प्रवाशांच्या नाराजीनंतर ती मागे घेतली गेली. गटाने स्वतः येण्या-जाण्याचं आरक्षण एकत्र केलं तर आगाराशी बोलणं सोपं जातं.

रेल्वेचा रस्ता वेगळा आहे. एका पीएनआरवर सहाच प्रवासी बसतात. चाळीस जणांचा संघ ऑनलाइन तिकिटं काढायला बसला तर सात पीएनआर होतात. शेवटचे दोन प्रतीक्षा यादीत जातात आणि माणसं चार डब्यांत विखुरतात. मोठ्या गटाने आरक्षण केंद्रावर जाऊन गट आरक्षणासाठी अर्ज करावा, नावं-वयांची यादी द्यावी. आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे यादी त्याआधी तयार हवी. विद्यार्थ्यांची शैक्षणिक सहलीची सवलतही शाळेच्या दाखल्यासह खिडकीवरच मिळते. पूर्ण डबा घ्यायचा असेल तर तीस दिवस ते सहा महिने आधी आयआरसीटीसीकडे मागणी करावी लागते आणि डब्यामागे अनामत भरावी लागते; शंभराच्या आतल्या गटाला हा मार्ग सहसा परवडत नाही.

रेल्वेची एक तरतूद शाळांना फारशी माहीत नसते. मान्यताप्राप्त संस्थेच्या विद्यार्थिगटात कुणी गळालं तर त्याच्या जागी त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव घालता येतं. अर्ज संस्थाप्रमुखाने गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी द्यायचा असतो, आणि बदल गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच करता येतो. म्हणजे साठ मुलांच्या गटात सहा नावं बदलतील, सातवं नाही. प्रतीक्षा यादीतल्या मुलांना ‘शेवटच्या दिवशी सांगतो’ असं म्हणून चालत नाही ते यामुळे. तीन दिवस आधी यादी बंद करावी लागते आणि त्यानंतर गळालेल्यांचं तिकीट रद्द करण्याचाच मार्ग उरतो.

सहलीहून परतल्यावर सर्वांत दुर्लक्षित काम उरतं ते हिशेबाचं. गाडीचं प्रत्यक्ष किलोमीटर आणि करारातलं किलोमीटर जुळवून आगाराकडची उरलेली रक्कम मागावी लागते. लॉजचं बिल, पानांची संख्या, तिकिटांचे तुकडे एकत्र करून पालकांपुढे एका पानाचा जमाखर्च ठेवावा लागतो. त्या पानावर एक रकाना आकड्यांचा असावा : हात वर केलेले ८४, पहिला हप्ता भरलेले किती, निघण्याच्या दिवशी आलेले किती. दोन-तीन वर्षांचे हे आकडे जवळ असले की पुढच्या नोव्हेंबरात आगारात किती गाड्या मागायच्या हे ठरवताना सहलप्रमुखाला वर्गातल्या वर गेलेल्या हातांवर विसंबावं लागत नाही.